आकाशाचा निळा रंग आणि सूर्यास्ताची लाली

दिवसा निरभ्र आकाश निळे दिसणे आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी सूर्यबिंब व क्षितिजालगतचे आकाश तांबडे-नारिंगी दिसणे या दोन्ही घटना एकाच भौतिक प्रक्रियेचे परिणाम आहेत. सूर्यप्रकाश हवेच्या रेणूंवर पडला की त्याचा काही भाग सर्व दिशांना विखुरला जातो. या प्रक्रियेस प्रकाशाचे प्रकीर्णन असे म्हणतात. काही शालेय पाठ्यपुस्तकांत त्यासाठी ‘विकिरण’ ही संज्ञा वापरलेली आढळते. निळा प्रकाश तांबड्या प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक विखुरला जातो. विखुरलेला प्रकाश सर्व बाजूंनी डोळ्यांत येतो म्हणून आकाश निळे दिसते. निळा प्रकाश वाटेतच विखुरला गेल्यावर सरळ मार्गाने जो उरतो, तो सूर्यास्ताचा तांबडा प्रकाश होय. म्हणजे एका ठिकाणच्या संध्याकाळने गमावलेला निळा रंग हाच तिच्या पश्चिमेकडील प्रदेशाच्या आकाशाचा निळा रंग असतो. नांदेड येथील सूर्यास्ताच्या उदाहरणावरून हे पुढे स्पष्ट केले आहे.

## मूळ कारण

सूर्याचा पांढरा प्रकाश हा अनेक रंगांच्या प्रकाशांचे मिश्रण असतो. प्रत्येक रंगाची तरंगलांबी वेगळी असते. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर, तर तांबड्याची सुमारे ६५० नॅनोमीटर असते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांश भाग.) हवा मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंच्या रेणूंची बनलेली आहे. हे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत हजारपटींहून अधिक लहान असतात.

प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग आहे. तो रेणूवरून जाताना त्याच्या विद्युत क्षेत्रामुळे रेणूतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर हेलकावू लागतात. असे हेलकावणारे इलेक्ट्रॉन स्वतःच त्याच रंगाचा प्रकाश आजूबाजूस उत्सर्जित करतात. हेलकाव्यांची गती जितकी जलद, तितका हा उत्सर्जित प्रकाश अधिक तीव्र असतो. निळ्या प्रकाशाची कंपने तांबड्यापेक्षा जलद असल्यामुळे त्याचे प्रकीर्णन अधिक होते. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते :

I ∝ 1/λ⁴

येथे I ही तीव्रता आणि λ ही तरंगलांबी आहे. ६५० ला ४५० ने भागल्यास सुमारे १.४४ येतात आणि या संख्येचा चौथा घात सुमारे ४.४ होतो. म्हणजेच हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या तुलनेत जवळजवळ साडेचार पट अधिक विखुरतात. चंद्रावर हवा नाही. त्यामुळे तेथे सूर्य डोक्यावर असतानाही आकाश काळे दिसते.

## आकाश जांभळे का दिसत नाही

जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी निळ्यापेक्षाही कमी असते. त्यामुळे वरील नियमानुसार त्याचे प्रकीर्णन आणखी जास्त होते आणि आकाश जांभळे दिसावयास हवे, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. याचे उत्तर अर्धे सूर्यात आणि अर्धे मानवी डोळ्यात आहे. सूर्यप्रकाशात जांभळ्याचे प्रमाण निळ्याहून कमी असते. शिवाय डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी जांभळ्या प्रकाशास फारसा प्रतिसाद देत नाहीत. आकाशातून येणाऱ्या प्रकाशात जांभळा, निळा, हिरवा आणि थोडे इतर रंगही असतात. या सर्वांचा डोळ्यावर जो एकत्रित परिणाम होतो, तो थोडा पांढरा मिसळलेल्या निळ्या रंगासारखा असतो.

## नांदेडचा सूर्यास्त : एक उदाहरण

विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, सूर्य जवळपास नेमका पश्चिमेस मावळतो. नांदेडच्या सरळ पश्चिमेस, जवळपास त्याच अक्षांशावर, परभणी, बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि मुंबई ही शहरे कमीअधिक फरकाने एका रांगेत येतात. त्यामुळे नांदेडला पोहोचणाऱ्या अखेरच्या किरणाचा मार्ग नकाशावर सहज रेखाटता येतो.

हा किरण नांदेडच्या भूमीला जवळपास समांतर येतो. पृथ्वी गोल असल्यामुळे मागे मागे जावे तसा तो जमिनीपासून उंच होत जातो. भूपृष्ठाची उंचसखलता आणि हवेमुळे किरणाला येणारा किंचित वाक हिशोबात न धरल्यास, तो मुंबईवरून सुमारे १७ किलोमीटर उंचीवरून, अहिल्यानगरवरून सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवरून, बीडवरून दोन किलोमीटर उंचीवरून आणि परभणीवरून केवळ अडीचशे मीटर उंचीवरून आलेला असतो. त्या क्षणी मुंबईत सूर्य अजून क्षितिजाच्या चार अंशांहून थोडा वर असतो आणि तेथील सूर्यास्तास सुमारे १८ मिनिटे अवकाश असतो.

हवा जमिनीलगत दाट आणि उंचीवर विरळ असते. त्यामुळे या लांब वाटेचा सर्व भाग सारख्याच महत्त्वाचा नसतो. किरणाला वाटेत भेटणाऱ्या एकूण हवेपैकी जवळपास निम्मी हवा बीड ते नांदेड या शेवटच्या १६० किलोमीटरांत असते, तर तीन-चतुर्थांश हवा अहिल्यानगर ते नांदेड या टप्प्यात असते. सूर्य डोक्यावर असताना प्रकाशास जेवढ्या हवेतून यावे लागते, ती सर्व हवा जमिनीलगतच्या घनतेस आणली तर तिची जाडी सुमारे ८ किलोमीटर भरेल. सूर्यास्ताच्या किरणाला त्याच्या सुमारे ३८ पट, म्हणजे ३०० किलोमीटर जाडीची हवा ओलांडावी लागते.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. हवा पूर्ण स्वच्छ आहे आणि केवळ रेणूंमुळेच प्रकीर्णन होते असे धरू. सूर्य डोक्यावर असताना निळ्या प्रकाशाच्या दर १०,००० भागांपैकी सुमारे ८,१०० आणि तांबड्याच्या सुमारे ९,५०० भाग सरळ जमिनीवर पोहोचतात. दोहोंतील फरक थोडा असल्याने दुपारचा सूर्य पांढरा दिसतो. सूर्य क्षितिजावर टेकला असता मात्र निळ्याच्या १०,००० भागांपैकी जेमतेम तीन-चार उरतात, हिरव्याचे तीनशेच्या आत उरतात आणि तांबड्याचे सुमारे १,६०० टिकतात. प्रकाश एकूणच मंद होतो आणि त्यातील निळा जवळपास नाहीसा होतो. म्हणून सूर्यबिंब तांबडे दिसते आणि त्याच्या आजूबाजूच्या आकाशावर व ढगांवर त्याच तांबड्या प्रकाशाची आभा पसरते. हरवलेला निळा प्रकाश नष्ट झालेला नसतो. तो वाटेत विखुरला गेलेला असतो आणि त्याचाच काही अंश बीड व अहिल्यानगर येथील लोकांना त्यांच्या डोक्यावरील आकाशाचा निळा रंग म्हणून दिसत असतो.

लातूरसाठीही हेच गणित लागू पडते. लातूरचा विषुवदिनाचा सूर्यास्त नांदेडनंतर सुमारे तीन मिनिटांनी होतो आणि तेथे पोहोचणारा अखेरचा किरण पुण्याच्या जवळपास सहा किलोमीटरांहून अधिक उंचीवरून आलेला असतो. लातूर शहर बालाघाटच्या पठारावर असून नांदेडपेक्षा पावणेतीनशे मीटरांच्या आसपास उंच आहे. त्यामुळे तेथे डोक्यावरील हवा सुमारे तीन टक्क्यांनी कमी असते. परंतु हा फरक आकाशाच्या रंगात डोळ्यांना जाणवण्याइतका नाही.

सूर्यास्ताच्या लालीचे कारण म्हणून कधी कधी प्रकाशाचे अपवर्तन सांगितले जाते, ते बरोबर नाही. अपवर्तनामुळे किरण वाकतो, क्षितिजावरील सूर्यबिंब किंचित चपटे दिसते आणि सूर्य प्रत्यक्ष क्षितिजाखाली गेल्यानंतरही सुमारे दोन मिनिटे दिसत राहतो. लाली मात्र प्रकीर्णनामुळेच येते.

## क्षितिजालगतचे पांढुरके आकाश

वरील स्पष्टीकरणावर एक आक्षेप घेता येतो. भर दुपारी क्षितिजाकडे पाहिले तरी नजर लांबवरच्या हवेतूनच जाते. मग तेथील आकाश तांबडे का दिसत नाही? याचे कारण असे की, त्या दिशेने दिसणारा प्रकाश सूर्याकडून सरळ आलेला नसतो. नजरेच्या संपूर्ण वाटेवरील हवा वरून येणाऱ्या उन्हाने उजळलेली असते आणि प्रत्येक टप्प्यावरची हवा स्वतःचा निळा प्रकाश डोळ्यांकडे पाठवत असते. दूरच्या हवेने पाठवलेला निळा प्रकाश वाटेत घटतो. पण जवळची हवा त्यात नव्याने निळ्याची भर घालत राहते. घट आणि भर यांचा मेळ बसून सर्व रंग जवळपास सारख्या प्रमाणात पोहोचतात आणि क्षितिज पांढुरके दिसते.

नजरेच्या वाटेत एखादा डोंगर आला की वाट तेथेच संपते. अशा वेळी गडद डोंगर आणि डोळा यांमधील काही किलोमीटर हवेचा निळा प्रकाश त्या डोंगरावर पसरल्यासारखा दिसतो. बालाघाटाच्या रांगा दुरून निळसर दिसतात त्या यामुळेच. ‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीतील साजरेपणात हवेच्या रेणूंचाही वाटा आहे.

## धूळ, धूर आणि ढग

आकाशाचा निळा रंग धुळीमुळे असतो, हा समज पूर्वीपासून प्रचलित आहे. वस्तुस्थिती उलट आहे. धुळीचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे असतात आणि ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. त्यामुळे धूळ वाढली की निळ्यात पांढरे मिसळते आणि आकाश फिकट होते.

मराठवाड्यात हा फरक ऋतूंनुसार स्पष्ट दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कोरडी असते आणि वाऱ्याबरोबर माती उडते. अशा दिवसांत दुपारचे आकाश धुरकट पांढरे दिसते. सायंकाळी सूर्य क्षितिजास टेकण्यापूर्वीच निस्तेज होऊन मळकट पट्ट्यात विरून जातो. जाड धूळ सर्वच रंगांचा प्रकाश अडवत असल्यामुळे येथे लाली कमी आणि काळवंडलेपण अधिक असते. वळवाची एखादी जोरदार सर येऊन गेली की हवा धुतली जाते आणि दुसऱ्या दिवशीचे आकाश गडद निळे दिसते. पावसाळा सरल्यानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास, हवा स्वच्छ असताना सूर्य अगदी शेवटच्या क्षणापर्यंत तेजस्वी केशरी-तांबडा दिसू शकतो.

धुराची गोष्ट थोडी निराळी आहे. उसाचे पाचट किंवा काडीकचरा जाळल्यावर निघणाऱ्या धुरातील कण धुळीपेक्षा पुष्कळ बारीक असतात. त्यांचे वर्तन काही प्रमाणात रेणूंसारखे असते आणि ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. काळ्या पार्श्वभूमीवर असा ताजा धूर निळसर दिसतो आणि त्यातून पाहिल्यास सूर्य तांबूस दिसतो. १८८३ मध्ये क्राकाटोआ आणि १९९१ मध्ये पिनाटुबो या ज्वालामुखींच्या उद्रेकानंतर जगाच्या मोठ्या भागात अनेक महिने गडद रंगांचे सूर्यास्त दिसले, तेही उच्च वातावरणात पसरलेल्या अशाच सूक्ष्म कणांमुळे.

ढगांतील जलबिंदू आकाराने मोठे असल्यामुळे ते स्वतः कोणताही रंग निवडत नाहीत. दुपारी पांढरा प्रकाश पडला की ते पांढरे दिसतात आणि संध्याकाळी आधीच तांबडा झालेला प्रकाश पडला की तांबडे दिसतात. उंचावरील विरळ ढगांवर जमिनीवर सूर्य मावळल्यानंतरही ऊन पडत असते. त्यामुळे तिन्हीसांजेचे रंग सूर्यास्तानंतर काही मिनिटांनी अधिक खुलतात.

हवेतील धूळ ओळखण्याची एक सोपी रीत आहे. दुपारी एखाद्या इमारतीच्या कोपऱ्याआड किंवा खांबाआड सूर्यबिंब पूर्ण झाकले जाईल असे उभे राहून त्याच्या आजूबाजूचे आकाश पाहावे. कडेपर्यंत निळे दिसले तर हवा स्वच्छ असते; सभोवती रुंद पांढरे तेजोवलय दिसले तर हवेत धूळ किंवा धुके असते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी थेट पाहू नये. त्यामुळे दृष्टीस कायमची इजा होऊ शकते.

## सूर्यास्तानंतर माथ्यावरचे निळे आकाश

सूर्य मावळल्यावर पश्चिम क्षितिज तांबडे असतानाही डोक्यावरचे आकाश गडद निळेच राहते. वास्तविक त्या वेळी माथ्यावरील हवेपर्यंत पोहोचणारा सूर्यप्रकाशही लांबच्या वाटेने आलेला आणि निळा गमावलेला असतो. केवळ रेणूंच्या प्रकीर्णनाचा हिशोब मांडला तर माथ्यावरचे आकाश फिकट पिवळसर किंवा करडे दिसावयास हवे. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड हल्बर्ट यांनी १९५३ मध्ये या विसंगतीचे कारण दाखवून दिले. उच्च वातावरणातील ओझोन वायू नारिंगी व पिवळा प्रकाश काही प्रमाणात शोषून घेतो. दुपारी ओझोनच्या थरातून जाणारी वाट छोटी असते, त्यामुळे हा परिणाम जाणवत नाही. संधिप्रकाशात प्रकाश या थरातून तिरपा, लांबवर प्रवास करतो आणि उरलेल्या प्रकाशात निळ्याचे प्रमाण वाढते. दिवसाचा निळा मुख्यतः प्रकीर्णनाचा, तर संधिकालातील माथ्यावरचा निळा मोठ्या प्रमाणात ओझोनच्या शोषणाचा, असा हा भेद आहे.

## संशोधनाचा इतिहास

जॉन टिंडल यांनी १८६९ च्या सुमारास काचेच्या नळीत अतिसूक्ष्म कणांचे ढग निर्माण करून त्यांतून प्रकाश सोडला. बाजूने पाहता तो निळा दिसला. त्यावरून आकाशातही असेच सूक्ष्म कण तरंगत असावेत असे मानले गेले. रॅली यांच्या १८७१ च्या सूत्रातही हे कण कशाचे आहेत हा प्रश्न खुलाच होता. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये रॅली यांना पत्र लिहून हवेचे रेणूच हे काम करू शकतील काय, अशी विचारणा केली. रॅली यांनी १८९९ मध्ये त्याचे गणित प्रसिद्ध केले आणि आकाशाच्या निळेपणासाठी बाहेरच्या कणांची गरज नाही, हवेचे रेणू पुरेसे आहेत, असा निष्कर्ष काढला. या विवेचनात त्यांनी दार्जिलिंगच्या परिसरातून सुमारे १६० किलोमीटरांवरील एव्हरेस्ट शिखर दिसते या निरीक्षणाचा आधार घेतला होता. एवढ्या हवेतूनही शिखर दिसते, त्या अर्थी प्रकाशाची घट रेणूंच्या हिशोबाइतकीच मर्यादित असली पाहिजे, असा तो युक्तिवाद होता.

समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे रॅली यांचे मत होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये युरोपातून मुंबईकडे परतताना ‘नारकुंडा’ या जहाजावर निकोल लोलकाच्या साहाय्याने पृष्ठभागावरील प्रतिबिंब वगळून समुद्र पाहिला. तरीही तो निळाच दिसला. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, या विचाराने त्यांनी पुढे केलेल्या संशोधनातून १९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध लागला. त्यासाठी त्यांना १९३० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

## शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

सपाट बाजूंची, सुमारे एक फूट लांबीची काचेची पेटी स्वच्छ पाण्याने भरावी. खोलीत अंधार करून पेटीच्या एका टोकाकडून विजेरीचा प्रकाश पाण्यातून सोडावा आणि दुसऱ्या टोकाशी पांढरा कागद धरावा. नंतर पाण्यात साय काढलेल्या दुधाचे थेंब एकेक करून टाकावेत आणि प्रत्येक वेळी पाणी ढवळावे. दर लिटरमागे पाच-सहा थेंबांपासून सुरुवात करणे सोयीचे होते. बाजूने पाहिल्यास प्रकाशाचा झोत निळसर दिसू लागतो, तर कागदावरील उजेड आधी पिवळा आणि मग नारिंगी होत जातो. विजेरीजवळचे पाणी अधिक निळसर आणि दूरच्या टोकाचे पिवळसर दिसते. निळा प्रकाश आरंभीच विखुरला जात असल्याची ती खूण होय.

या प्रयोगात दोन चुका नेहमी होतात. दूध जास्त पडले तर प्रकाश पुनःपुन्हा विखुरला जाऊन पाणी नुसते पांढरे दिसते. अशा वेळी थोडे पाणी काढून स्वच्छ पाणी घालावे. सायीचे दूध वापरल्यासही निळी छटा नीट दिसत नाही, कारण स्निग्धांशाचे गोलक आकाराने मोठे असतात आणि ते धुळीप्रमाणे सर्व रंग सारखेच विखुरतात. निळी छटा येते ती दुधातील प्रथिनांच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. एकाच पेटीत स्वच्छ ऑक्टोबरचे आकाश आणि मे महिन्यातील धुरकट आकाश यांतील फरक अशा रीतीने पाहता येतो.